उकड थांबत नाही: मोदकाच्या ऑनलाइन वर्गाची घोषणा करणाऱ्या एका लाइव्हची स्क्रिप्ट

पार्श्वभूमी

पुण्यात घरी स्वयंपाकाचे वर्ग घेणाऱ्या एका बाईंनी 2025च्या गणपतीआधी उकडीच्या मोदकांचा ऑनलाइन वर्ग सुरू करायचं ठरवलं. त्यांची ओळख इथे द्यायची नाही, म्हणून विद्यार्थिनी म्हणतात तसं त्यांना नुसतं 'ताई' म्हणू. प्रत्यक्ष वर्गांचा त्यांना भरपूर अनुभव होता, पण कॅमेऱ्यासमोर सलग बोलण्याचा अजिबात नव्हता. वर्गाची घोषणा यूट्यूब लाइव्हवर करायची आणि तिथेच मोदक करून दाखवायचे, एवढं ठरलेलं होतं. मदतीला भाची होती. तिच्याकडे लॅपटॉपवर प्रश्न वाचणं आणि कॅमेऱ्यामागून खुणा करणं ही दोन कामं होती.

वर्गात चोवीसच जागा ठेवल्या. झूमवर एका पानावर साधारणपणे पंचवीस चौकटी दिसतात, म्हणजे चोवीस जणी आणि ताई. प्रत्येकीची उकड आणि पारी पान न उलटता एकाच नजरेत दिसायला हवी होती, कारण ज्या वर्गात शिकवणारीला समोरच्याच्या पारीची कड दिसत नाही तो वर्ग आणि साधा व्हिडिओ यांत फारसा फरक उरत नाही. दीड तासाचे तीन वर्ग आणि फी 1,800 रुपये असं ठरलं.

गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी होती. त्यामुळे वर्गांसाठी 10, 17 आणि 24 ऑगस्ट हे रविवार धरले आणि लाइव्हसाठी 3 ऑगस्टचा रविवार. वेळेवर बरीच चर्चा झाली. संध्याकाळी सात ही लाइव्हची नेहमीची वेळ मानतात, पण ज्यांना हा वर्ग करायचा आहे त्याच बायका तेव्हा स्वयंपाकाला लागलेल्या असतात. सकाळी अकराला भारतात सोयीचं होतं, पण न्यूयॉर्कला तेव्हा मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो, आणि ताईंच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी काही जणी आता परदेशात होत्या. दुपारी साडेचार ठरली. तेव्हा इथे चहाची वेळ, लंडनला दुपारचे बारा आणि न्यूयॉर्कला सकाळचे सात. कॅलिफोर्नियाला पहाटेचे चार वाजतात, तिथल्यांनी नंतर रेकॉर्डिंग बघावं असं ठरवून तो विषय सोडून दिला.

अडचण

पहिली स्क्रिप्ट ताईंनी स्वतः लिहिली होती आणि ती वाचायला छान होती. आधी स्वतःची ओळख, मग आजीच्या हातच्या मोदकांची आठवण, मग वर्गाची कल्पना कशी सुचली ते, आणि त्यानंतर कृती. बसून वाचताना ओळखीचा भाग नऊ मिनिटांत होत असे.

रंगीत तालमीला ताईंनी दोन वाट्या पाणी गॅसवर ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. चार मिनिटांत पाण्याला खळखळून उकळी आली, पण स्क्रिप्टमध्ये अजून आजीच चालू होती. ताईंनी आच मंद केली आणि बोलत राहिल्या. पीठ पडलं तेव्हा दहावं मिनिट लागलं होतं. उकड कोरडी झाली, पारीच्या कडेला चिरा पडल्या आणि वाफवताना दोन मोदक फुटले.

ताईंना वाटलं पिठात दोष आहे. दोष वेळेत होता. उकडीत पाणी आणि पीठ जवळजवळ बरोबरीने घेतात आणि त्या मापात सवलत फार थोडी असते. उघड्या पातेल्यात दोन वाट्या पाणी पाच-सहा मिनिटं उकळत राहिलं तर त्यातला बराच भाग वाफ होऊन जातो, तरी पीठ मात्र पूर्ण मापाचंच पडतं. पातेलं जितकं पसरट, तितकं पाणी लवकर कमी होतं. म्हणजे ओळखीचं प्रत्येक वाढीव वाक्य उकडीतलं पाणी घटवत होतं.

दुसरी गडबड शेवटी झाली. मोदक वाफवायला ठेवल्यावर दहा-अकरा मिनिटं करण्यासारखं काही नसतं, आणि स्क्रिप्टमध्ये तिथे एकच ओळ होती: 'आता आपण मोदक वाफवून घेऊ.' फीची माहिती त्याआधी, कळ्या काढताना सांगायची होती. कळ्या काढताना नजर बोटांवर असते, त्यामुळे ताईंनी फी मान खाली घालून, पुटपुटत, एका दमात सांगितली. नंतरची अकरा मिनिटं काय बोलावं ते सुचेना. थोडक्यात, जिथे बोलायला मोकळा वेळ होता तिथे मजकूर नव्हता, आणि जिथे हात अडकलेले होते तिथे मजकुराची गर्दी होती.

समोर असलेले पर्याय

भाचीने टेलिप्रॉम्प्टर सुचवला. फोनवर मजकूर सरकवणारं अ‍ॅप फुकट मिळतं. पण मजकूर ठरावीक वेगाने सरकतो आणि उकड आपल्या गतीने शिजते. शिवाय पिठाच्या हातांनी मजकूर थांबवता येत नाही, आणि वाचणाऱ्याची बुबुळं डावीकडून उजवीकडे फिरताना दिसतात ते वेगळंच. हा पर्याय दोन मिनिटांत बाद झाला.

दुसरा पर्याय असा की मोदकांचं चित्रीकरण आधी करून लाइव्हमध्ये लावायचं आणि ताईंनी त्यावर बोलायचं. यात बिघडण्याचा धोका नाही, पण बघणारीच्या मनातली शंका नेमकी 'हिची उकड आत्ता, माझ्यासमोर जमते का' हीच असते. कापून जोडलेले व्हिडिओ तिने पुष्कळ पाहिलेले असतात.

तिसरा पर्याय होता स्क्रिप्टच न ठेवण्याचा. ताई प्रत्यक्ष वर्गात बिनकागदाच्या उत्तम बोलतात. पण वर्गात समोर चेहरे असतात आणि फी आधीच भरलेली असते. तालमीत त्या फीच्या मुद्द्यावरच अडखळल्या होत्या आणि ती अडचण मोकळं बोलून सुटणारी नव्हती.

शेवटी ठरलं ते असं: स्क्रिप्टचं घड्याळ पातेलं ठरवेल. आधी नुसती कृती करून प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो ते मोजलं आणि मग त्या मोकळ्या-बांधलेल्या वेळांत बोलणं बसवलं. शब्दशः पाठ करायच्या जागा चारच ठेवल्या: सुरुवात, पहिला प्रश्न, फी आणि शेवट. बाकी ठिकाणी फक्त मुद्दे.

स्क्रिप्ट बांधताना घेतलेले निर्णय

बोलण्याचा वेग दोनदा मोजला. बसून ताई मिनिटाला साधारण 120 शब्द बोलत होत्या, गरम उकड मळताना सत्तरच्या आसपास. मळताना दम लागतो, हात भाजत असतो आणि वाक्य मध्येच तुटतं. म्हणून मळण्याच्या पाच मिनिटांत सहा-सात शब्दांपेक्षा लांब वाक्य ठेवायचं नाही असा नियमच केला. हा नियम पुढे सगळ्यात उपयोगी पडला.

लाइव्ह प्रत्यक्षापेक्षा किती मागे चालतं तेही पाहिलं. कोणाला न दिसणारं चाचणीचं लाइव्ह लावून ताईंनी टाळी वाजवली, ती भाचीच्या दुसऱ्या फोनवर बारा सेकंदांनी वाजली. त्यात बघणारीचा टाइप करण्याचा वेळ मिळवला की प्रश्न विचारल्यापासून पहिलं उत्तर दिसेपर्यंत निदान अर्धं मिनिट जातं. 'बोला, लिहा पटापट' म्हणून गप्प उभं राहिलं की ते अर्धं मिनिट फार लांबतं. म्हणून प्रत्येक प्रश्नामागे चाळीस सेकंदांचं दुसरं बोलणं लिहिलं.

तुकडा बदलण्याची युक्ती, म्हणजे टेबलाखालून तयार उकड काढून दाखवण्याची, वापरायची नाही असं ठरलं. पण गरम डब्यात एक तयार उकड ठेवली. ती फक्त पातेलं करपलं किंवा गॅस संपला तरच बाहेर काढायची, आणि काढली तर तसं सांगून. सारण मात्र सकाळीच करून गार केलं होतं, कारण गरम सारण भरलं तर पारी सैल पडते. दोन वाट्या खवलेल्या नारळाला एक वाटी गूळ, वेलची-जायफळ, आणि गोळा होऊ लागताच आच बंद. पुढे शिजवलं तर गार झाल्यावर सारण चिक्कीसारखं कडक होतं.

कॅमेरा एकच, फोनचा मागचा. पुढच्या कॅमेऱ्यात स्वतःला बघताना अक्षरं उलटी दिसतात आणि ताईंचं लक्ष सारखं तिकडे जात होतं. फोन ओट्याच्या कडेला, परात आणि चेहरा दोन्ही दिसतील असा तिरपा ठेवला, पण मोदकपात्रापासून दोन हात लांब, कारण वाफेने काच धुरकट होते. फोन विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवलं, म्हणजे मध्येच कोणाचा फोन येऊन आवाज तुटण्याची शक्यता कमी.

पैसे भरण्यासाठी भाचीने क्यूआर कोडचा फलक केला होता. तो काढून टाकला. बहुतेक जणी फोनवर बघणार, आणि ज्या फोनवर कोड दिसतो त्याच फोनचा कॅमेरा तो टिपू शकत नाही. त्याऐवजी मागच्या भिंतीवर जाड अक्षरांत व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि खाली 'मोदक असं लिहून पाठवा' एवढंच. संदेश आला की भरणा-दुवा आणि परदेशातल्यांसाठी वेगळी सोय असं तयार उत्तर जायचं.

खुणांसाठी पुठ्ठ्याची पाच कार्डं केली. पीठ म्हणजे काहीही चालू असलं तरी बोलणं तोडून पीठ घाला. हळू. हात वर म्हणजे पारी कॅमेऱ्यासमोर धरून मनात तीन मोजेपर्यंत स्थिर ठेवा, कारण फोनला नजर जुळवायला तेवढा वेळ लागतो. नंबर. आणि गाळ, म्हणजे पुढचा 'सोडता येईल' अशी खूण केलेला मुद्दा वगळा. दुसऱ्या तालमीत ताईंनी दोन कार्डं पाहिलीच नाहीत. भाची म्हणाली, "मावशी, तू मोदकाकडे बघतेस, माझ्याकडे बघतच नाहीस." मग कार्डं परातीच्या थेट समोर, फोनच्या खालीच धरायचं ठरलं.

अंतिम स्क्रिप्ट

कंसातल्या सूचना ताईंसाठी आहेत, बोलायच्या नाहीत. वेगळ्या परिच्छेदात अवतरणचिन्हांत दिलेला मजकूर शब्दशः बोलायचा.

*0:00 ते 0:40* (हातात आधी केलेला, फुटलेला मोदक. नमस्कार नंतर.)

"हा मोदक बघा. फुटलाय. सारण बाहेर आलंय. पीठ चांगलं होतं, कळ्याही चांगल्या काढल्या होत्या, तरी फुटला. का फुटला, ते आज कळेल, आणि न फुटणारा मोदक आपण इथेच, आत्ता करू. नमस्कार मंडळी. मी गॅस पेटवते, मग बोलू."

(गॅस पेटवा. लोक जमेपर्यंत थांबायचं नाही.)

*0:40 ते 4:30* पाणी तापतंय. मुद्दे: दोन वाट्या पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. पीठ आंबेमोहोर किंवा इंद्रायणीचं, तांदूळ धुऊन सावलीत वाळवून बारीक दळलेलं, चाळलेलं. स्वतःची ओळख दोन वाक्यांत. आजीची आठवण (सोडता येईल).

(उकळी आली की पीठ. वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. कार्ड: पीठ.)

*4:30 ते 5:30* पीठ घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळताना बोलायचं एकच: "पाणी उकळत ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. पाणी उडून जातं, उकड कोरडी होते. मघाचा मोदक तिथेच फुटला."

*5:30 ते 7:30* झाकण, मंद आच. पहिला प्रश्न.

"आता दोन मिनिटं झाकण काढायचं नाही. तोवर मला सांगा, तुमचा मोदक कुठे बिघडतो? फुटत असेल तर एक लिहा. उकड हाताला चिकटत असेल तर दोन. कळ्या मोडत असतील तर तीन. नुसता आकडा लिहा."

(लगेच पुढे: चिकट उकड आणि कोरडी उकड यांतला फरक. चाळीस सेकंद. मग उत्तरं.)

*7:30 ते 12:30* आच बंद, झाकण तसंच. भाची उत्तरं मोठ्याने वाचेल. ज्या आकड्याची उत्तरं जास्त, त्यावर सविस्तर. वर्गाचा पहिला उल्लेख इथे आणि एकाच वाक्यात: "याच गोष्टी गणपतीआधी तीन रविवार, तुमची उकड बघत बघत करणार आहे, त्याबद्दल मोदक वाफेवर गेले की सांगते." कोणी फी विचारली तर: "वाफेवर गेले की सांगते, नक्की." (त्याच्यापुढे काही नाही.)

*12:30 ते 17:30* मळणं. लहान वाक्यं. "आधी वाटीच्या बुडाने दाबा." "मग ओला हात." "गार झाली की मळून उपयोग नाही." "गोळा दाबा. कड बघा." "चिरली? पाण्याचा हात. पुन्हा मळा."

*17:30 ते 23:30* पारी आणि कळ्या, पाच मोदक. मध्ये गप्प राहिलं तर चालेल. कार्ड 'हात वर' तीनदा: पारीची कड मध्यापेक्षा पातळ, कळी चिमटीत खालून वर, आणि मिटताना सगळ्या कळ्या एकाच दिशेने. मोदक पाण्यात बुडवून मोदकपात्रात, हळदीच्या पानावर. उरलेली उकड ओल्या फडक्याखाली.

*23:30 ते 29:00* वाफ. हात पुसून, कॅमेऱ्याकडे बघत.

"मोदक आता अकरा मिनिटं आत आहेत. वर्गाबद्दल सांगते. 10, 17 आणि 24 ऑगस्ट, तिन्ही रविवारी दुपारी साडेचार ते सहा. पहिल्या वर्गात पीठ आणि उकड, दुसऱ्यात पारी आणि कळ्या, तिसऱ्यात सारणापासून ताटापर्यंत पूर्ण मोदक. तुम्ही तुमच्या ओट्याशी उभ्या राहून करायचं, मी बघणार आणि चुकलं तर थांबवणार. म्हणून जागा चोवीस. ज्यांना उकड जमते आणि फक्त कृती हवी आहे, त्यांनी पैसे भरू नका, आजचा व्हिडिओ पुरेल. तिन्ही वर्गांची फी अठराशे रुपये."

(थांबा. मोदकपात्राकडे जा, आच बघा, परत या. फीनंतर लगेच काही जोडायचं नाही. तालमीत तुम्ही प्रत्येक वेळी 'तसं जास्त नाही' म्हणालात.)

"मागे नंबर आहे. त्यावर मोदक असं लिहून पाठवा, बाकी सगळं तिथे कळेल." (नंबर एकेक आकडा करून, दोनदा.)

*29:00 ते 34:30* प्रश्न. 'यूट्यूबवर हे फुकट मिळतं' असं कोणी लिहिलं तर: "मिळतं, आणि आज इथेही फुकटच दाखवलं. फी आहे ती तुमची उकड बघण्याची."

*34:30 ते 36:30* (झाकण. वाफ आधी बाजूला जाऊ द्या. बोट ओलं करून मोदकाला लावा, चिकटत नसेल तर झाला. एक मोडून आतलं दाखवा.)

"चकाकी आली आणि बोटाला चिकटत नाही, म्हणजे शिजला. पाचही शाबूत. तुमचे फुटले तर फोटो त्याच नंबरवर पाठवा, वर्गात आला नाहीत तरी कारण सांगेन. नमस्कार."

प्रत्यक्ष लाइव्हमध्ये काय झालं

पहिली चार मिनिटं स्क्रिप्टप्रमाणे गेली. उकळी आली तेव्हा ताई इंद्रायणीबद्दल बोलत होत्या, कार्ड दिसताच वाक्य सोडून त्यांनी पीठ घातलं. एकीने लगेच 'तांदूळ कोणता म्हणालात?' असं विचारलं. अर्धं सोडलेलं वाक्य कधी पूर्ण करायचं हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. भाचीने ते बाराव्या मिनिटाला आठवून दिलं, तोवर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला होता.

मळताना खरी परीक्षा झाली. आदल्या दिवशी नवीन दळलेलं पीठ आणलं होतं आणि ते तालमीच्या पिठापेक्षा जास्त पाणी ओढत होतं. सगळं वेळेत होऊनही पारीची कड चिरली. गरम डब्यातली तयार उकड हाताशी होती आणि भाचीने डब्याकडे बोटही दाखवलं. ताईंनी मान हलवून नको म्हटलं. चिरलेली पारी कॅमेऱ्यासमोर धरली, दोन चमचे कोमट पाणी शिंपडलं, पुन्हा मळली आणि म्हणाल्या, "हे असंच होतं. पीठ बदललं की होतं. आता बघा." यात साडेतीन मिनिटं जास्त गेली. 'गाळ' कार्ड दोनदा वर आलं, आणि मोदक पाचाऐवजी चार झाले.

हा निर्णय बरोबर होता, आणि तो शक्य झाला तो सोडता येणारे भाग आधीच ठरलेले होते म्हणून. मिनिटाला मिनिट भरलेल्या स्क्रिप्टमध्ये त्यांनी पुन्हा मळायच्या ऐवजी डबा उघडला असता.

फी सांगून ताई मोदकपात्राकडे वळल्या आणि आच बघून परत आल्या. मध्ये सात-आठ सेकंद शांतता होती. त्यानंतर आलेला पहिला प्रश्न फीबद्दल नव्हताच, तो 'रेकॉर्डिंग मिळेल का?' असा होता. स्क्रिप्टमध्ये याचं उत्तर नव्हतं. ताईंनी क्षणभर विचार करून 'हो' म्हटलं. जागेवर दिलेला हा शब्द पुढे जड गेला, कारण वर्गातल्या बाकीच्यांचे चेहरे आणि घरं त्यात दिसतात. शेवटी फक्त ताईंची चौकट दिसेल असं वेगळं रेकॉर्डिंग करावं लागलं.

निकाल

लाइव्ह संपलं तेव्हा नऊ जणींनी पैसे भरले होते. मंगळवारी दुपारपर्यंत चोवीस जागा भरल्या. नंतर आलेल्यांपैकी बऱ्याच जणींनी संदेशात चिरलेल्या पारीचा उल्लेख केला होता, तो भाग त्यांनी रेकॉर्डिंगमध्ये पाहिला होता.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत 'एक' सगळ्यात जास्त होते. त्यामुळे पहिल्या वर्गाआधी प्रत्येकीला एक छोटी चाचणी पाठवली: अर्धी वाटी पीठ, अर्धी वाटी पाणी, उकड काढून गोळा दाबायचा. कड चिरली तर पुढच्या वेळी पाणी दोन चमचे वाढवायचं, हाताला चिकटली तर तेवढंच कमी करायचं. दहा तारखेला सगळ्या जणी आपापल्या पिठाचं माप घेऊनच आल्या आणि उकडीवर जाणारा वेळ वाचला.

दुसरा वर्ग मात्र विरळ झाला. 15 ऑगस्ट शुक्रवारी आला, त्यामुळे तीन दिवस जोडून सुट्टी होती आणि त्यातच गोपाळकाला. जवळपास एक तृतीयांश जणी गावाला होत्या. कळ्यांचा वर्ग रेकॉर्डिंगवरून शिकणं सगळ्यात अवघड, नेमका तोच बुडला.

वेगळं काय करता आलं असतं

तारखा पंचांगाबरोबर सुट्ट्यांच्या यादीशीही ताडून बघायला हव्या होत्या. सतरा तारखेऐवजी त्या आठवड्यातला एखादा दिवस चालला असता, किंवा कळ्यांचा वर्ग 24 ला नेता आला असता.

प्रश्नांच्या यादीत कृतीचे प्रश्न भरपूर होते, व्यवहाराचे नव्हते. रेकॉर्डिंग, वर्ग चुकला तर काय, पैसे परत मिळतात का, मोदकपात्र नसेल तर चालेल का, या चारांची उत्तरं आधी ठरवून कागदावर असायला हवीत. मोदकपात्राचं उत्तर सोपं आहे: चाळणीवर ओलं फडकं, खाली पातेल्यात पाणी, वर घट्ट झाकण. पण तेही जागेवर आठवावं लागलं.

सगळ्यात मोठा बदल वाफेच्या अकरा मिनिटांचा. रेकॉर्डिंग बघितलं तर जाणवतं की ताई हात पुसून कॅमेऱ्याकडे बघत बोलायला लागल्या आणि दृश्य अचानक जाहिरातीसारखं झालं. बघणाऱ्यांची संख्याही त्या टप्प्यावर उतरली. आतापर्यंत प्रत्येक वाक्यामागे काही ना काही शिजत होतं, इथे फक्त माणूस आणि भिंतीवरचा नंबर उरला. उरलेली उकड मात्र ओल्या फडक्याखाली पडून होती. तिच्या निवगऱ्या करता आल्या असत्या: जिरं, हिरवी मिरची आणि मीठ वाटून उकडीत मळायचं, चपट्या गोळ्या थापायच्या. या कामाला नजर लागत नाही, दम लागत नाही, आणि हात चालू राहतो. म्हणून पुढच्या स्क्रिप्टसाठी हा भाग असा बदलून ठेवला आहे:

*23:30* (मोदक वाफेवर. परातीत उरलेली उकड, वाटलेलं जिरं-मिरची-मीठ शेजारी तयार.)

"उरलेली उकड टाकायची नाही, निवगऱ्या करू. मी मळते आणि वर्गाबद्दल सांगते."

(तारखा, तीन वर्गांत काय, जागा किती, ज्यांनी येऊ नये त्यांना काय सांगायचं. थापत थापत, लहान वाक्यांत. फीच्या वाक्याला हात थांबवा, वर बघा, फी सांगा, पुन्हा थापायला लागा.)

*27:00* (मोदकपात्राचं झाकण क्षणभरच उघडून निवगऱ्या कडेला ठेवा. मोदकांना त्यामुळे एखादं मिनिट जास्त लागेल, त्यानंतरच्या सगळ्या वेळा एक मिनिट पुढे ढकला.)

*27:30* (रेकॉर्डिंग, चुकलेला वर्ग, परतावा, मोदकपात्र: चारही उत्तरं कोणी विचारायच्या आधीच. मग नंबर, दोनदा.)